‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका

ब्रॉडबँडच्या कस्टमर केअरला फोन लागला की आपण सगळे एकच वाक्य बोलतो : ‘अहो, नेट खूप स्लो चाललंय.’ हे वाक्य बोललात की गेलात! समोरच्या मुलाच्या स्क्रीनवर ‘स्लो स्पीड’ नावाचा एक कप्पा असतो. तो तुम्हाला त्यात टाकतो आणि कप्प्यातले प्रश्न एकेक करून वाचायला लागतो. मॅडम, राउटर बंद करून चालू केलात का? मॅडम, घरात किती मोबाइल कनेक्टेड आहेत? मॅडम, राउटरच्या जवळ उभं राहून बघा ना एकदा. वीस मिनिटांनी तुम्ही राउटरला टेकून उभे असता आणि नेट होतं तिथेच असतं.

यात त्या मुलाचा दोष नाही बरं का. दिवसाला शंभर फोन घेणाऱ्या माणसाला ‘स्लो’ या शब्दातून काहीच कळत नाही. तक्रार वायफायची आहे, घरात आलेल्या फायबरची आहे की कंपनीच्या मागच्या यंत्रणेची, हे त्याला ठरवायचं असतं, कारण तिन्हींची माणसं वेगळी. हे तुम्ही फोन करायच्या आधीच शोधून ठेवलंत आणि नीट सांगितलंत, तर तुमची तक्रार पहिल्याच दिवशी योग्य टेबलावर जाऊ शकते. आणि हे शोधायला इंजिनिअर असावं लागत नाही. एक वायर आणि एक संध्याकाळ पुरते.

माझ्या एका मैत्रिणीचीच गोष्ट घ्या. ती राहते वाकडला, ऑफिस हिंजवडीत, क्लायंट अमेरिकेत. आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि रोज रात्री साडेआठला क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल. फायबरचं कनेक्शन, शंभर एमबीपीएसचा प्लॅन. दिवसभर सगळं लोण्यासारखं चालायचं आणि साडेआठ वाजले की हिचा आवाज रोबोसारखा व्हायचा, चेहरा अर्धवट हसू आणून गोठायचा. महिन्याभरात तिने तीन तक्रारी केल्या. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माणूस आला, त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट काढली, आकडा आला पंचाण्णव, ‘सब ठीक है मॅडम’ म्हणून तक्रार बंद. इकडे मॅनेजरने सांगून टाकलं की घरून जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस ऑफिसला यायचं. घरी दोन वर्षांचं पोरगं आणि कॉल संपणार रात्री साडेनऊला. तेव्हा हा नुसता ‘बफरिंगचा वैताग’ राहिलेला नव्हता.

त्या शनिवारी आम्ही दोघी तिच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो.

पहिलं काम, वायफाय बाजूला काढणं. राउटरपासून लॅपटॉपला थेट लॅन केबल लावायची. हल्लीच्या चपट्या लॅपटॉपना ते भोकच नसतं, त्यासाठी यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो, कुणाकडून तरी उसना आणा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, ऑफिसचं व्हीपीएन बंद करा. आता टेस्टमध्ये जे काही दिसेल त्यावर ‘मॅडम, तुमच्या भिंती जाड आहेत’ हे उत्तर चालणार नाही.

दुसरं काम लोक हमखास विसरतात आणि नेमकं तिथेच कस्टमर केअरवाले पकडतात. घरातलं बाकी सगळं नेटवरून उतरवायचं. टीव्ही, सासूबाईंचा मोबाइल, दारावरचा कॅमेरा, सगळं. कारण असं की, तुमचा फोन गुपचूप हजार फोटो क्लाउडवर चढवत असेल, तर तेवढ्यानेच तुमची अपलोडची वाट तुंबते आणि बाकीची पाकिटं मागे रांगेत अडकतात. टेस्टमध्ये हे अगदी कंपनीच्या बिघाडासारखं दिसतं. घरातला हा ट्रॅफिक बंद केल्याशिवाय कुणावर बोट दाखवण्यात अर्थ नाही. सगळी उपकरणं शोधत बसायचा कंटाळा असेल, तर राउटरच्या सेटिंगमधून वायफायच बंद करून टाका, केबलवरचा लॅपटॉप तेवढा उरेल.

मग विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. काळ्या खिडकीला घाबरू नका, इथे आपण फक्त विचारतोय, काही बदलत नाही. आधी `ipconfig` टाइप केलं की ‘Default Gateway’ समोर एक नंबर दिसतो. तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक `192.168.1.1` किंवा त्याच्या आसपासचा. मग या तीन ओळी, एकेक करून :

```
ping -n 200 192.168.1.1
ping -n 200 8.8.8.8
tracert -d 8.8.8.8
```

पिंग म्हणजे काय, तर ‘आहेस का?’ अशी हाक मारायची आणि ‘आहे’ असं उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पहिली ओळ दोनशे हाका राउटरला मारते, दुसरी गुगलच्या एका सार्वजनिक सर्व्हरला. दर सेकंदाला साधारण एक हाक, म्हणजे प्रत्येकीला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. चहा टाका तोवर. शेवटी किती हाका वाया गेल्या आणि उत्तराला सरासरी किती मिलिसेकंद लागले, याचा हिशेब छापून येतो. मॅक असेल तर `-n` च्या जागी `-c` आणि तिसऱ्या ओळीसाठी `traceroute -n 8.8.8.8`.

दोनशेच का? कारण चार हाकांवरून काहीच ठरत नाही. विंडोज नुसतं `ping` म्हटलं की चारच हाका मारतं, आणि त्यात एखादी हुकली तर थेट पंचवीस टक्के लॉस दिसतो. असला आकडा फोनवर सांगितलात तर समोरचा मनातल्या मनात हसेल.

आता मैत्रिणीचे आकडे. रात्री पावणेनऊला, केबलवर, बाकी सगळं बंद ठेवून, राउटरला मारलेल्या दोनशेच्या दोनशे हाका परत आल्या, एका मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे लॅपटॉप, केबल आणि राउटर यांच्यामधला रस्ता स्वच्छ. बाहेरच्या पत्त्याचा निकाल मात्र असा होता :

```
Packets: Sent = 200, Received = 186, Lost = 14 (7% loss)
Minimum = 5ms, Maximum = 312ms, Average = 96ms
```

सात टक्के! सिनेमा बघताना हे कळतही नाही, कारण हरवलेला तुकडा परत मागवला जातो आणि पुढचा थोडा भाग आधीच साठवलेला असतो. व्हिडिओ कॉलला ती चैन नसते. अर्ध्या सेकंदाने आलेला शब्द टाकूनच द्यावा लागतो. म्हणून नेटफ्लिक्स झकास आणि कॉल बेकार, असं एकाच वेळी, एकाच घरात होऊ शकतं. आणि म्हणूनच सकाळी येणाऱ्या माणसाची स्पीड टेस्ट इथे फारशी कामाची नाही. ती दहा-पंधरा सेकंद एकदम बऱ्याच जोडण्या उघडून जोर लावते, अधूनमधून पडणारी भोकं त्या जोरात झाकली जातात. शिवाय ती आपणहून जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बरेचदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये बसलेला असतो. स्वतःच्याच अंगणात धावून दाखवण्यातला प्रकार आहे हा. स्पीड टेस्ट करायचीच असेल तर सर्व्हर बदलून दुसऱ्या कंपनीचा घ्या.

जाता जाता एक. तुमचा प्लॅन दोनशे-तीनशेचा आहे आणि केबल लावूनही आकडा चौऱ्याण्णवच्या आसपासच अडकतो, पुढे सरकतच नाही, तर कस्टमर केअरला फोन करू नका, केबल बदला. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. त्यातली एखादी तुटली की दोन्ही टोकं गुपचूप शंभरच्या जुन्या वेगावर उतरतात आणि शंभरातला खरा हाती येणारा वेग साधारण तेवढाच असतो.

तिसरी ओळ, `tracert`, ही तुमच्या हाकेने वाटेत कुठले टप्पे घेतले ते दाखवते. पहिला टप्पा घरचा राउटर, दुसरा बहुधा कंपनीचं पहिलं यंत्र, मग पुढचे. मैत्रिणीच्या यादीत पहिल्या टप्प्यावर एक मिलिसेकंद आणि दुसऱ्यावर एकदम अठ्ठ्याऐंशी. तिसरा, चौथा, शेवटचा, सगळे नव्वद-शंभरच्या घरात. म्हणजे उशीर सुरू झाला पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, आणि तो पुढे शेवटपर्यंत टिकला.

हे ‘शेवटपर्यंत टिकला’ फार महत्त्वाचं आहे. मधल्याच एखाद्या टप्प्यावर मोठा आकडा किंवा नुसते तारे दिसले आणि त्यापुढचे टप्पे ठणठणीत असले, तर तिथे बिघाड नाही. मधली यंत्रं दुसऱ्यांची पाकिटं पुढे ढकलण्यात गुंतलेली असतात, आपल्या हाकेला उत्तर देणं हे त्यांच्या लेखी सगळ्यात शेवटचं काम. पुष्कळ लोक तो एक लाल आकडा बघून फोनवर भांडायला उठतात आणि पलीकडे जाणकार माणूस असला तर दोन वाक्यांत गप्प होतात.

रविवारी सकाळी सातला तीच केबल, त्याच तीन ओळी. शून्य टक्के लॉस, सरासरी सहा मिलिसेकंद, दुसऱ्या टप्प्यावर तीन. रविवारी रात्री नऊला पुन्हा : सहा टक्के. सोमवारी रात्री : आठ. म्हणजे घर तेच, वायर तीच, बदललं ते फक्त घड्याळ.

आता एकच गोष्ट बघायची राहिली होती, फायबरमधून येणारा उजेड. घरात फायबर येते त्या डब्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक घरांत तोच राउटरही असतो. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की त्याचं पान उघडतं, लॉगिन डब्याखालच्या स्टिकरवर असतं. तिथे ‘Optical’ किंवा ‘PON’ असं काहीतरी नाव असलेल्या पानावर ‘RX Power’ म्हणून एक उणे आकडा दिसतो, डीबीएममध्ये. पलीकडून निघालेला उजेड तुमच्या डब्यापर्यंत किती पोचतोय, त्याचं ते माप. उणे पंधरा ते उणे पंचवीसच्या दरम्यान असेल तर निवांत राहा. घरोघरी असलेल्या नेहमीच्या जीपॉन डब्यांची नजर उणे सत्तावीसपर्यंत चालते, त्याखाली उजेड इतका मंद होतो की अक्षरं चुकायला लागतात आणि लाइन अधूनमधून तुटते. हे माप सरळ बेरजेचं नाही, तीनने घसरलं की उजेड निम्मा झाला असं समजायचं. सोफ्यामागे करकचून दुमडलेली वायर, जोडावरची धूळ किंवा बाहेरच्या पेटीतला ढिला जोड, यांपैकी कशानेही ते घसरतं.

(ते हिरवं टोक उपसून बघू नका. बोटाचा तेलकटपणा लागला तरी उजेड अडतो. आणि त्यातून येणारा लेसर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे आत डोकावणं अजिबात नको. काही कंपन्या हे पान ग्राहकाला दाखवतच नाहीत, तसं असेल तर आकडा फोनवर विचारा. त्यांना तो बसल्या जागी दिसतो.)

मैत्रिणीचा आकडा सकाळी उणे एकोणीस, रात्री उणे एकोणीस. म्हणजे वायर निर्दोष. इथे चित्र पूर्ण झालं. वायर खराब असती तर तिला सकाळ-रात्र कळली नसती, लॉस दिवसभर दिसला असता. इथे लॉस फक्त रात्री, म्हणजे गर्दी. एका फायबरवरचा उजेड वाटेत काचेच्या छोट्या फाट्यांमधून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेला असतो, आणि अशा कितीतरी गटांचा ट्रॅफिक एकत्र होऊन पुढे एकाच मोठ्या वाटेवर जातो. रात्री नऊला सगळं वाकड वेबसिरीज लावून बसलं की यातली कुठलीतरी वाट भरते. नेमकी कुठली, ते घरात बसून कळत नाही. ते कंपनीच्या नेटवर्क टीमला त्यांच्या आलेखात दिसतं. आणि म्हणून घरी माणूस पाठवण्यात काहीही अर्थ नव्हता! तीन तक्रारी नेमक्या त्यातच गेल्या होत्या.

आता फोन. फोन रात्री करायचा, त्रास चालू असताना, रजिस्टर्ड मोबाइलवरून. कस्टमर आयडी आणि हे सगळे आकडे कागदावर समोर ठेवायचे. सोमवारी रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी मैत्रीण जे बोलली ते जवळपास असं :

‘नमस्कार. माझी तक्रार स्पीडची नाहीये, पॅकेट लॉसची आहे. रोज रात्री आठ ते अकरा, गेले पाच आठवडे. सकाळी नसतो. आत्ता चालू आहे. लॅपटॉप केबलने जोडलाय, वायफाय आणि बाकीची सगळी उपकरणं बंद आहेत, व्हीपीएन बंद आहे. राउटरपर्यंत लॉस शून्य. बाहेर दोनशेपैकी सोळा पाकिटं गेली, आठ टक्के. ट्रेसमध्ये तुमच्या पहिल्याच टप्प्यावर अठ्ठ्याऐंशी मिलिसेकंद, सकाळी तिथे तीन असतात. ऑप्टिकल पॉवर उणे एकोणीस, सकाळी आणि रात्री सारखीच. राउटर काल आणि आज रीस्टार्ट केलाय, केबल बदलून बघितली, दुसऱ्या लॅपटॉपवरही हेच येतंय. याच लॅपटॉपवर मोबाइलच्या हॉटस्पॉटने कॉल नीट होतो.’

मोजून एक मिनिट लागलं. मग थोडी शांतता. आणि मग तो मुलगा म्हणाला, ‘मॅडम, राउटर एकदा रीस्टार्ट करून बघाल का?’

हसू नका, हे होणारच. त्याला त्याच्या स्क्रीनवर त्या चौकटीत टिक करावी लागते, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. अशा वेळी चिडण्यापेक्षा ‘आज साडेआठला केलाय, तीस सेकंद बंद ठेवून, फरक नाही, तशी नोंद करा’ असं वेळेसकट सांगायचं. वेळ सांगितली की ते नोंद करतात आणि पुढे सरकतात. नाहीच ऐकलं तर करून टाका रीस्टार्ट, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, आणि त्यानंतर लगेच पिंगचा नवा आकडा त्यालाच ऐकवा. एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यायचा : टाचणीने दाबायचं ते रीसेटचं बटण. रीस्टार्ट वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटने डब्यातली कंपनीने भरलेली माहिती, कनेक्शनचं युजरनेम वगैरे, पुसली जाऊ शकते आणि मग ती परत भरली जाईपर्यंत स्लो का होईना जे नेट होतं तेही बंद.

त्यानंतर तिने त्याला दोन प्रश्न विचारले आणि माझ्या मते खरी कळ इथे आहे. ‘तुमच्याकडे माझ्या डब्याची ऑप्टिकल पॉवर किती दिसतेय?’ आणि ‘गेल्या आठवड्यात माझं कनेक्शन किती वेळा तुटलं, आणि कारण काय दाखवतंय?’ डब्याची वीज जाते तेव्हा तो मरता मरता कंपनीला तसा एक शेवटचा निरोप धाडतो. त्यामुळे लाइट गेली होती की उजेड तुटला होता, हे त्यांना वेगवेगळं कळू शकतं. मुलाने बघून सांगितलं, उणे एकोणीस पॉइंट तीन, एकदाच तुटलं आणि तेही वीज गेल्यामुळे. म्हणजे वायर चांगली असल्याचं आता त्यांच्याच तोंडून आलं. तिने लगेच म्हटलं, ‘हे तक्रारीत लिहा. लाइन ठीक आहे, त्यामुळे घरी माणूस नको. नेटवर्क टीमकडे पाठवा आणि माझ्या भागाच्या पोर्टचा आणि पुढच्या लिंकचा रात्री नऊचा लोड बघायला सांगा. काय लिहिलंत ते मला वाचून दाखवा.’

वाचून दाखवायला लावणं उद्धटपणाचं वाटतं, पण करा. त्याने वाचलं, ‘कस्टमर फेसिंग स्लो स्पीड इशू.’ एवढं सगळं सांगून! तिने शांतपणे पुन्हा तीन गोष्टी लिहवून घेतल्या : केबलवर लॉस आठ टक्के, फक्त रात्री आठ ते अकरा, ऑप्टिकल पॉवर ठीक. बाकीचं नाही लिहिलं तरी चालतं, या तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत, कारण पुढचा माणूस तुमच्याशी बोलणारच नाहीये, तो फक्त ही ओळ वाचणार आहे. मग तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला, तारीख-वेळेसकट लिहून ठेवला. डॉकेट नंबर दिला नाही तर फोन ठेवू नका. तो देणं कंपनीला बंधनकारक आहे.

तुमचं चित्र वेगळं निघालं तर अर्थात वाक्यही वेगळं. राउटरपर्यंतच, तेही वायफायवर, लॉस दिसला आणि केबलवर नाही, तर कंपनीचा संबंध नाही, राउटरची जागा बदला. उजेड उणे अठ्ठावीस दाखवतोय किंवा एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय, तर उलट घरी माणूस हवाच, आणि ‘लाइनवाला पाठवा, पॉवर मीटर घेऊन’ असंच सांगा.

मैत्रिणीच्या घरी मंगळवारी सकाळी अकराला, हो, पुन्हा माणूस आला. तिने त्याला चहा दिला, कागद दाखवला आणि तक्रार बंद करायचा ओटीपी दिला नाही. ‘रात्री नऊला बघून देते,’ म्हणाली. काही कंपन्यांत तक्रार बंद करायला ग्राहकाच्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. तो दिला की तुमच्या लेखी काहीही असो, त्यांच्या लेखी प्रश्न सुटला. त्या माणसानेच मग ऑफिसला फोन लावून सांगितलं की हे लाइनचं काम नाही. त्याच रात्री नेटवर्क टीममधल्या एकाचा फोन आला. या माणसाने राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं नाही! त्याने ट्रेसचा स्क्रीनशॉट मागवला आणि दहा मिनिटांत म्हणाला, तुमच्या भागातल्या यंत्रापासून पुढे जाणारी लिंक आठनंतर काठोकाठ भरतेय, क्षमता वाढवायचं काम रांगेत आहे.

‘रांगेत’ म्हणजे कधी, हे त्याने सांगितलं नाही. यावर आपल्या हातात काय असतं? तर वरच्या पायरीवर जाणं. ‘ट्राय’च्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अपिलाची व्यवस्था ठेवावी लागते. डॉकेट नंबर घेऊन ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असतो. थेट ‘ट्राय’ला पत्र लिहून मात्र उपयोग नाही, एकेका ग्राहकाची तक्रार ते स्वतः सोडवत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मात्र हाताशी ठेवा. अपिलात पुन्हा तेच लागतं : डॉकेट नंबर, तारखा आणि सकाळ-रात्रीचे आकडे शेजारी शेजारी.

मैत्रिणीने अपील लिहून तयार ठेवलं होतं. मधल्या दिवसांत साडेआठचे कॉल तिने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतले आणि मॅनेजरला तोच कागद मेल केला, ‘कंपनीच्या नेटवर्क टीमने मान्य केलंय, काम चालू आहे’ असं लिहून. बाराव्या दिवशी रात्री नऊला तिचा मेसेज आला. त्यात फक्त स्क्रीनशॉट होता : दोनशेपैकी शून्य, सरासरी आठ.

घरून कामाचे तीन दिवस कायम राहिले. पाच आठवड्यांच्या बिलातून काही कापून द्या म्हणून तिने वेगळी तक्रार टाकली आहे. डॉकेट नंबर घेतलाय.